फोटोवरून लहान मुलांसाठी रंगवायचे पान करताना या चुका टाळा

साताऱ्यात लहान मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेत असल्यामुळे पालकांची एक मागणी माझ्याकडे वर्षभर येत असते: घरच्या फोटोवरून रंगवायचे पान करून द्या. कोणाला ते वाढदिवसाला आलेल्या मुलांना वाटायचे असते, कोणाला आजोबांच्या पंचाहत्तरीला नातवंडांकडून रंगवून घ्यायचे असते. अलीकडे बरेच पालक पान स्वतःच तयार करून आणतात आणि “बाई, जरा नजर टाका” एवढेच म्हणतात. नजर टाकली की चुका त्याच त्या दिसतात. त्यांपैकी दोन चुकांबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण पान वाया जाते ते बहुतेक वेळा त्यांच्यामुळेच. बाकीच्या चुका थोडक्यात आटोपता येतील. येथे तीन ते सहा वर्षांची मुले डोळ्यांसमोर आहेत. त्यांच्या हातात मेणाचे जाड खडू असतात, मनगट अजून पक्के झालेले नसते आणि रंग कुठे थांबवायचा हे ती फक्त रेषेवरून ठरवतात.

फिल्टरचे बटण दाबून पान तयार झाले असे समजणे

ही माझ्या दृष्टीने पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक. मोबाइलवर फोटोचे ‘स्केच’ करून देणारी कितीतरी अॅप्स आहेत. बटण दाबले की काळ्या-पांढऱ्या रेषांचे चित्र समोर येते, ते पडद्यावर देखणेही दिसते आणि माणूस थेट झेरॉक्सच्या दुकानात जातो.

एका वाढदिवसाला मी मुलांना रंगवायला बसवण्यासाठी गेले होते. वडिलांनी हौसेने चार पिढ्यांचा फोटो निवडला होता: जुन्या घराच्या चुना दिलेल्या भिंतीपुढे खुर्चीवर पणजोबा, शेजारी काठपदराच्या साडीत आजी, मागे आई-वडील आणि आत्या, पुढे उत्सवमूर्ती. फोटो भर दुपारी काढलेला. तो अॅपमधून काढून त्याच्या प्रती प्रत्येक मुलापुढे ठेवल्या गेल्या, आणि खडू हातात घेतल्याबरोबर प्रश्न सुरू झाले. पणजोबांचा सदरा पांढरा, भिंत पांढरी. त्यामुळे सदऱ्याची खांद्यापासून कोपरापर्यंतची रेषा उमटलीच नव्हती आणि कागदावर टोपी, चेहरा, दोन पंजे आणि धोतराचा काठ एवढेच सुटे सुटे तरंगत होते. आजीच्या साडीवरच्या बुट्ट्यांचे शेकडो ठिपके झाले होते. माथ्यावरच्या उन्हाने नाकाखाली सावली पडते, तिची आत्याच्या ओठावर ठळक मिशी झाली होती आणि हनुवटीखालच्या सावलीची दाढी. मुले आधी हसली. मग एका मुलीने पणजोबांचा सदरा रंगवायला घेतला, तो कुठे संपतो ते तिला कळेना, रंग भिंतीवर गेला, शेजारच्या मुलाने “बाहेर गेलं, बाहेर गेलं” म्हणून ओरडा केला आणि तिने खडू खाली ठेवला. वडील मला हळूच म्हणाले, “बाई, फोटो तर एकदम क्लिअर होता.” फोटो स्पष्ट होताच. अडचण फोटोच्या स्पष्टपणाची नव्हतीच.

असा फिल्टर नेमके काय करतो ते समजले की पुढचे आपोआप उलगडते. तो फोटोतल्या शेजारशेजारच्या ठिपक्यांचा उजळपणा ताडून पाहतो, आणि जिथे फरक मोठा असेल तिथे काळे उमटवतो. सदरा, भिंत, हात, साडी यांतले त्याला काहीही ठाऊक नसते. म्हणून एकाच कापडावर ऊन आणि सावली असेल, तर तिथे वस्तूची कड नसूनही रेषा येते. आणि दोन वेगळ्या वस्तू सारख्याच उजळ असतील, तर तिथे कड असूनही रेषा येत नाही. आणखी एक खोड म्हणजे दुहेरी रेषा. साडीचा बारीक काठ किंवा चष्म्याची काडी यांना दोन कडा असतात; फिल्टर दोन्ही कडांना रेषा देतो आणि त्यांच्यामध्ये केसाएवढी फट उरते, जिच्यात कोणताही खडू जात नाही. फिल्टरमधला तीव्रतेचा आकडा कमी-जास्त करून हे सुटत नाही. कमी केला तर बुट्ट्यांसोबत उरलासुरला सदराही जातो, वाढवला तर सदऱ्याबरोबर भिंतीचे पोपडेही येतात.

यावर माझा उपाय जुनाच आहे, आणि तो सांगितला की घाईत असलेल्या पालकांचा चेहरा पडतो: रेषा हाताने काढायची. फोटो ए-फोर कागदावर फिका छापून घ्यायचा, त्यावर ट्रेसिंग पेपर चार कोपऱ्यांना चिकटपट्टीने बसवायचा आणि दिवसा खिडकीच्या काचेवर धरून एचबी पेन्सिलने गिरवायचे. संगणकावर काम करणाऱ्यांनी फोटोचा थर फिका करून वर नव्या थरावर रेषा काढाव्यात, तत्त्व तेच. रेषा कुठे हवी हे माणसाने ठरवलेले असले पाहिजे, साधन कोणतेही चालेल. पांढऱ्या सदऱ्याची कड फोटोत दिसत नसली, तरी खांदा कुठून कुठे जातो हे आपल्याला माहीत असते, आणि तेवढ्यासाठीच तर हाताने काढायचे. ज्यांना फिल्टर सोडवतच नाही त्यांनी त्याचा निकाल फिक्या निळ्या रंगात खाली ठेवावा, वरून स्वतः गिरवावे आणि शेवटी तो थर काढून टाकावा.

सगळ्या खानदानाला एका पानावर बसवणे

ए-फोर कागदावर अकरा माणसे बसवली की एकेक चेहरा जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो. लहान मुलांच्या पानावर तीन, फार तर चार माणसे असावीत आणि शक्य असेल तर ती कमरेपासून वर दिसावीत. कोण राहिले म्हणून रुसवाफुगवी होणार असेल तर दोन पाने करा.

रेषा मध्येच सोडून देणे

दुसरी मोठी चूक ही, आणि ही हाताने काढणाऱ्यांकडूनही होते; किंबहुना ज्यांचा हात चांगला आहे त्यांच्याकडून जास्त होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या ताई-दादांना सुटी, लयदार रेषा काढायची सवय असते. बाही मनगटाजवळ नुसती सुचवायची, केस चार-पाच फटकाऱ्यांत सोडायचे, पदराची घडी हवेतच संपवायची. चित्र म्हणून ते सुंदर दिसते. रंगवायचे पान म्हणून ते कुचकामी ठरते, कारण चार वर्षांच्या मुलाला सुचवलेली रेषा दिसत नाही. त्याला काढलेली रेषाच दिसते.

हे एका उदाहरणावरून सविस्तर सांगते. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर काढलेला एक फोटो माझ्याकडे आला होता. पायरीवर नऊवारीत बसलेली आजी, तिच्या मांडीवर रेललेला पाच वर्षांचा नातू, मागे उभी असलेली आई, तिचा उजवा हात आजीच्या खांद्यावर. पाठीमागे घाटाच्या दहा-बारा पायऱ्या आणि एका कोपऱ्यात ते छोटे देऊळ, ज्यात वसईच्या मोहिमेनंतर आणलेली मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. फोटो छान होता, पण आहे तसा गिरवण्याजोगा नव्हता.

सुरुवात नेहमी सगळ्यांत पुढे असलेल्यापासून करायची. येथे आधी नातू पूर्ण काढला, मग आजी, मग आई, मग पायऱ्या आणि शेवटी देऊळ. नवशिके बहुधा उलट जातात. आधी मोठी, सोपी म्हणून घाटाची आडवी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढतात, मग त्यावर माणसे बसवतात, आणि आईच्या पोटातून पायरी आरपार गेलेली राहते. नंतर खोडरबराने ती पुसताना माणसाची कडही पुसली जाते, आणि तिथेच फट पडते. पुढचा आकार आधी पक्का केला की मागची रेषा त्याच्या कडेला येऊन टेकते आणि थांबते, पुसावे असे काही उरतच नाही. पायरी माणसाच्या एका बाजूला थांबली की दुसऱ्या बाजूला ती त्याच उंचीवर पुन्हा निघाली पाहिजे, त्यासाठी पट्टी लावून खूण करावी. डोळ्यांच्या अंदाजाने काढली तर घाट मोडल्यासारखा दिसतो.

दहा-बारा पायऱ्यांपैकी मी चारच ठेवल्या. सगळ्या ठेवल्या असत्या तर पाच-सहा मिलिमीटर उंचीच्या लांबच लांब पट्ट्या झाल्या असत्या आणि त्या भरताना मुलाचा हात शेवटपर्यंत टिकला नसता. एक पायरी फोटोत नेमकी आईच्या डोक्याला टेकून जात होती. ती तशीच ठेवली तर डोक्यावर फळी ठेवल्यासारखी दिसते आणि केस कुठे संपले, पायरी कुठे सुरू झाली हे कळत नाही. ती बोटभर खाली, कानाच्या पातळीवर आणली. फोटोशी प्रामाणिक राहायचा हट्ट अशा वेळी सोडावा. दोन कडा नुसत्या टेकत असतील तर एक तर त्या स्पष्ट एकमेकींवर याव्यात, नाही तर स्पष्ट दूर जाव्यात.

आता आजीची नऊवारी. फोटोत तिच्या पदराला मोजता येणार नाहीत इतक्या चुण्या होत्या. मी पदर हा एक अखंड आकार धरला, काठ ही त्याला लागून दीड सेंटिमीटर रुंदीची बंद पट्टी केली आणि निऱ्यांच्या पाच पट्ट्या ठेवल्या, ज्यांतली प्रत्येक रेषा वरच्या घडीला टेकून सुरू होते आणि खाली काठाच्या रेषेला टेकून संपते. माझा नियम असा, की रेषेचे दोन्ही टोक कुठल्या तरी दुसऱ्या रेषेत रुतलेले असले पाहिजे. एखादी चुणी हवीच असेल तर ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न्यावी आणि तिचा स्वतंत्र कप्पा करावा. तेवढी जागा नसेल तर ती काढूच नये. बोटांमधल्या छोट्या रेषा, ओठ आणि भुवया यांना मी यातून सूट देते, कारण तिथे मूल पूर्ण हात किंवा पूर्ण चेहरा एकाच रंगाने भरते आणि त्या रेषांमुळे अडत नाही.

केसांची गोष्ट तशीच. केस हा एक बंद आकार: कपाळाची कड, कानामागून मानेपर्यंत येणारी कड आणि अंबाड्याचा गोल. गजऱ्याच्या कळ्या मोजत बसू नये. अंबाड्याभोवती सहा-सात मोठे गोल एकमेकांना चिकटून काढले की मुले तो गजराच आहे हे लगेच ओळखतात आणि प्रत्येक गोलाला वेगळा रंग देण्यात रमतात. खांद्यावरच्या हाताची फोटोत तीन बोटे दिसत होती, चौथे पदरात गेले होते. मी चारही काढली, कारण मुले बोटे मोजतात आणि कमी भरली की “आईचं बोट कुठं गेलं?” हे विचारल्याशिवाय राहत नाहीत.

बंद दिसणारा आकार खरोखर बंद आहे की नाही, हे नुसते बघून कळत नाही. पान स्कॅन करून मी संगणकावरच्या GIMP या चित्रे संपादित करण्याच्या प्रोग्रॅममध्ये तपासते. ३०० डीपीआयला स्कॅन केलेले ए-फोर पान साधारण २४८० × ३५०८ पिक्सेलचे येते, तेवढे पुरेसे आहे. आधी Colors > Threshold मधून पान शुद्ध काळे-पांढरे करावे, म्हणजे पेन्सिलीचे करडे डाग निघून जातात. मात्र सरकपट्टी फार ओढली तर बारीक रेषाही तुटतात, म्हणून सर्वांत बारीक रेषेवर नजर ठेवून ती हलवावी. मग Bucket Fill घेऊन त्यात Fill similar colors निवडावे आणि माणसांच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत एखादा गडद रंग ओतावा. या एका क्लिकमध्ये बाहेरची सगळी कड तपासली जाते. रंग आजीच्या बाहीत शिरला तर बाहीला कुठे तरी फट आहे. Ctrl+Z करून ती रेषा मोठी करून पाहावी. फट जवळजवळ नेहमी दोन रेषा मिळतात त्या कोपऱ्यात सापडते, बाही मनगटाला टेकते तिथे, केस कानाला टेकतात तिथे, पदर कमरेत खोचलेला असतो तिथे. ती Pencil ने बुजवावी. Paintbrush ची कड मऊ असते आणि छापल्यावर त्या ठिकाणी रेषा फिकी दिसते. बाहेरची कड पक्की झाली की आतल्या प्रत्येक कप्प्यात वेगळा फिका रंग ओतून पाहावा. शेजारच्या दोन कप्प्यांना एकाच वेळी रंग आला तर त्यांच्यामधली रेषा तुटलेली आहे.

Bucket Fill मध्येच Fill by line art detection असा दुसरा पर्याय आहे. २०१९ मध्ये आलेल्या २.१०.१० आवृत्तीपासून तो मिळतो. तो छोट्या फटी असल्या तरी त्या ओलांडून आकार बंद असल्यासारखा रंग भरतो. रंगकाम करणाऱ्याला तो वरदान आहे, पण आपल्या तपासणीसाठी तो अजिबात वापरू नये, कारण जी चूक शोधायची तीच तो झाकतो. “मी तर भरून बघितलं, कुठंच गळत नाही” असे सांगणाऱ्या एका बाबांचे पान मी पाहिले तेव्हा हाच पर्याय निवडलेला होता आणि पानावर ठिकठिकाणी फटी होत्या.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. अर्ध्या मिलिमीटरची फट कागदावर मेणाच्या खडूने रंगवणाऱ्या मुलाला जाणवतही नाही. तेच पान टॅबवर बोट टेकवून रंगवायला दिले तर त्या फटीतून सगळे आकाश लाल होते. कागदावर त्रास देतात त्या दोन-तीन मिलिमीटरच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या फटी. पण आज कागदासाठी केलेले पान उद्या कोणाच्या तरी टॅबवर जातेच, म्हणून मी लहान फटही ठेवत नाही. तपासणीला फार तर अर्धा तास जातो. तेवढा वेळ नसेल तर बाजारातले तयार पुस्तक आणावे, ते बरे.

चेहरा हुबेहूब काढायला जाणे

पालकांना ओळख हवी असते, आणि ती चेहऱ्यातूनच येते असे त्यांना वाटते. मग आजोबांच्या कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालच्या वळ्या, गालावरची खळी असे सगळे उतरवले जाते. एक मिलिमीटर जाडीच्या काळ्या रेषेत आठी काढली की ती आठी राहत नाही, जखमेचा व्रण होतो. आणि दात वेगवेगळे काढले की हसरी मावशी भयंकर दिसू लागते. तीन-चार सेंटिमीटरच्या चेहऱ्यात डोळ्यांचे दोन भरीव ठिपके, भुवया, नाकाची एक छोटी वळणरेषा आणि ओठांची एक रेषा यापलीकडे काही मावत नाही.

मुले आपली माणसे ओळखतात ती टोपीच्या आकारावरून, चष्म्यावरून, मिशीच्या टोकांवरून, अंबाड्यावरून, कोण कोणापेक्षा किती उंच आहे यावरून. म्हणून तिथे मेहनत घ्यावी. चष्म्याच्या काचा फोटोतल्यापेक्षा थोड्या मोठ्या काढाव्यात आणि चौकट एकाच रेषेची ठेवावी. मिशी हा स्वतंत्र बंद कप्पा असावा, म्हणजे ती काळी करायची की पांढरी हे नातवंडाला ठरवता येते. आजीचे कुंकू फोटोत मुगाएवढे असले तरी मी ते वाटाण्याएवढे गोल काढते, कारण लाल खडू उचलून मुले सर्वांत आधी तिथेच जातात आणि ते भरता आले नाही की हिरमुसतात. मंगळसूत्राचे मणी मात्र मी सोडून देते. दोन वाट्या काढल्या की पुरते. नातेवाइकांपैकी कोणी तरी “आमच्या वहिनी अशा नाहीत दिसत” म्हणतेच. म्हणू द्यावे, पान त्यांना रंगवायचे नाही.

कप्पा खडूपेक्षा लहान ठेवणे

मेणाच्या जाड खडूचे टोक सात-आठ मिलिमीटर रुंद असते. त्यामुळे सर्वांत लहान कप्पाही साधारण एक सेंटिमीटर रुंद असावा. कुंकवासारखा एखादा अपवाद असू द्यावा, पण तो एखादाच. माझी तपासणीची रीत अशी, की छापलेल्या पानावर खडू उभा धरून प्रत्येक कप्प्यात टेकवून पाहायचा. टोक मावत नसेल तर तो कप्पा शेजाऱ्यात मिसळून टाकायचा. सदऱ्याची बटणे, खिशाची शिवण, चपलेचे अंगठे अशा गोष्टी या चाळणीत गळतात, आणि त्या गळाव्यातच. कास पठारावरच्या फोटोत मागची फुले एकेक गिरवून आणणाऱ्यांना तर मी पान परतच देते. पुढच्या बाजूला चार मोठी फुले काढा आणि मागे एक मोकळी टेकडी ठेवा.

बारीक पेनने शाई चढवणे

बारीक टोकाच्या पेनची रेषा देखणी असते, पण मुलाचा खडू तिच्यावरून एकदा फिरला की ती दिसेनाशी होते. बाहेरची कड दीड मिलिमीटर आणि आतल्या रेषा एक मिलिमीटर ठेवाव्यात. संगणकावर ३०० डीपीआयला एक मिलिमीटर म्हणजे सुमारे १२ पिक्सेल, त्यानुसार ब्रशची जाडी लावावी. मी पेन्सिलचे ट्रेसिंग ए-थ्री आकारात करते आणि छापताना ते ए-फोरवर, म्हणजे ७१ टक्क्यांवर आणते; हाताचा थरथराट त्यात कमी दिसतो. मात्र रेषाही त्याच प्रमाणात बारीक होते, म्हणून मुळात ती दोन मिलिमीटरच्या मार्करनेच काढावी लागते. हे विसरून नंतर “पान फिकं आलं” म्हणून झेरॉक्सवाल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

शेवटच्या पायरीवर घाई करणे

पान व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवले की ते दाबून लहान केले जाते आणि रेषांच्या कडांवर करडी धूळ येते. ते डॉक्युमेंट म्हणून, शक्यतो पीडीएफ करून पाठवावे. चारी बाजूंना किमान एक सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी, कारण बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत आणि कडेला टेकवलेली आजोबांची काठी अर्धी कापली जाते. माणसांच्या भोवती एक चौकट काढली, तर कडेला जाणारे आकाश आणि पायऱ्याही बंद होतात. ही चौकट नवशिके हमखास विसरतात आणि मग मूल आकाश रंगवत टेबलापर्यंत येते.

मुले जलरंग वापरणार असतील तर घरच्या इंकजेटवर काढलेल्या थेट प्रती देऊ नयेत. अनेक इंकजेट शाया पाण्याने विरघळतात आणि आजीच्या पिवळ्या साडीत काळे ओघळ उतरतात. एक प्रत घरी काढावी आणि बाकीच्या झेरॉक्स कराव्यात. टोनरची रेषा पाण्याने सुटत नाही. नेहमीचा ७५ जीएसएमचा कागद खडूला पुरतो, स्केचपेनने तो पाठीमागे फुटतो, आणि ब्रश लागणार असेल तर निदान १२० जीएसएमचा जाड कागद मागावा. सगळ्या प्रती काढण्यापूर्वी एकच प्रत घरातल्या लहान मुलाला देऊन, काही न सांगता शेजारी बसावे. ज्या कप्प्यापाशी ते खडू हातात धरून “हे काय आहे?” असे विचारते, तिथली रेषा दुरुस्त करावी आणि मगच दुकानात जावे.